भागीदारी मोडताना पैसे हप्त्याहप्त्याने आले, तर आधी कोणाला द्यायचे? अतिरिक्त भांडवल पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला एका हिशेबनिसाच्या कार्यालयात काम करते आणि संध्याकाळी राजवाड्याजवळच्या एका खोलीत बी.कॉम.ची मुलं शिकवते. पुढचे प्रश्न दोन्हीकडून आलेले आहेत: काही परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी विचारले, काही अशा घरांतून आले जिथे काका-पुतण्यांची पेढी मोडायला निघाली होती. आपल्याकडची मुलं हिंदी पुस्तकं वाचतात, म्हणून आधीच सांगते: धनको म्हणजे तिकडचे 'लेनदार', ऋणको म्हणजे 'देनदार'. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण आहे, त्यामुळे वरून खाली क्रमाने वाचलंत तर सोपं जाईल.

ताई, सगळी मालमत्ता विकून झाली की एकदम वाटणी करावी. हप्त्याहप्त्याने वाटायची गरजच काय?

वाट बघायला सगळे तयार असतील तर तसंच करावं. त्यात चूक व्हायला जागा नसते. पण पेढी मोडायची म्हटल्यावर माल दोन महिन्यांत जातो, उधारी वसूल व्हायला सहा-आठ महिने लागतात आणि गोदामाला गिऱ्हाईक कधी मिळेल ते कोणीच सांगू शकत नाही. तोपर्यंत आलेली रोकड बँकेत पडून राहते. भागीदारांपैकी कोणाला नवं दुकान टाकायचं असतं, कोणाच्या घरी लग्न असतं. मग "आलेत ते वाटून टाका" हा आग्रह सुरू होतो.

अडचण अशी की एकूण तोटा किती झाला, हे शेवटची वस्तू विकल्याशिवाय कळत नाही. आज दिलेले पैसे उद्या कोणाकडून परत मागायची वेळ येऊ नये, अशा बेताने वाटायचं असतं. अतिरिक्त भांडवल पद्धत एवढ्याचसाठी आहे.

उदाहरणातली पेढी कोणती?

सांवेर रोडवर शेव-नमकीन बनवणारी एक कल्पित पेढी घेऊ. भागीदार तीन: काका, पुतण्या आणि जावई. नफा-तोटा वाटपाचं प्रमाण ३:२:१. पेढी मोडायचं ठरलं त्या दिवशीचा ताळेबंद असा आहे.

| देणी आणि भांडवल | रु. | मालमत्ता | रु. |
|---|---|---|---|
| धनको | १,५०,००० | रोख | ३०,००० |
| बँकेचं कर्ज (यंत्रांवर नजरगहाण) | १,००,००० | यंत्रं | ३,५०,००० |
| काकांचं कर्ज | ६०,००० | माल | ३,००,००० |
| सामान्य राखीव निधी | ६०,००० | ऋणको | ३,००,००० |
| भांडवल: काका | ३,००,००० | गोदाम | २,००,००० |
| भांडवल: पुतण्या | ३,२०,००० | | |
| भांडवल: जावई | १,९०,००० | | |
| एकूण | ११,८०,००० | एकूण | ११,८०,००० |

भांडवल परत द्यायच्या आधी कोणाकोणाचं देणं भागवायचं?

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४८ मध्ये क्रम दिला आहे. आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त दिलेली कर्जं, मग भांडवल, आणि त्यानंतरही काही उरलं तर ते नफ्याच्या प्रमाणात.

बँकेचं कर्ज यंत्रांवर आहे. म्हणून यंत्रं विकून आलेल्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. यंत्रांचे पैसे कर्जाला पुरले नाहीत तर उरलेल्या रकमेसाठी बँक इतर धनकोंच्या रांगेत येते, आणि रोकड अपुरी असेल तर सगळ्यांना येण्याच्या प्रमाणात मिळते. पत्नीने स्वतःच्या पैशातून पेढीला कर्ज दिलं असेल तर तेही बाहेरचंच देणं. नवरा भागीदार आहे म्हणून ते मागे ढकलायचं नसतं.

काकांचे ६०,००० भांडवलाच्या आधी द्यायचे. घरात हे लोकांना पटायला वेळ लागतो: "काकांना भांडवलातून अजून काहीच मिळणार नाही म्हणता, मग त्यांना साठ हजार आधी कसे?" कारण ते पैसे त्यांनी सावकार म्हणून दिले होते, भागीदार म्हणून नाही. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या तरी हिशेब वेगवेगळा राहतो.

भांडवलाचे आकडे ताळेबंदातून जसेच्या तसे घ्यायचे का?

नाही, आणि मुलांची निम्मी चूक इथेच होते. राखीव निधी तिघांचाच आहे, तो आधी ३:२:१ मध्ये वाटून भांडवलात मिळवायचा. चालू खात्याची जमा शिल्लक असेल तर मिळवायची. उचल किंवा साचलेला तोटा असेल तर वजा करायचा. कर्ज मात्र मिळवायचं नाही, ते वेगळंच फेडलं जातं.

इथे राखीव निधीचे ३०, २० आणि १० हजार मिळवल्यावर काकांचं भांडवल ३,३०,०००, पुतण्याचं ३,४०,००० आणि जावयाचं २,००,००० होतं. एकूण ८,७०,०००.

मग भांडवलाची रक्कम सरळ नफ्याच्या प्रमाणात किंवा भांडवलाच्या प्रमाणात का वाटायची नाही?

तिघांची भांडवलं नफ्याच्याच प्रमाणात असती, म्हणजे ३:२:१ मध्ये, तर खुशाल वाटा. पण इथे तशी नाहीत.

असं बघा. पेढीला तोटा झाला की प्रत्येक सहा रुपयांतले तीन काकांच्या भांडवलातून जातात, दोन पुतण्याच्या आणि एक जावयाच्या. काकांचं भांडवल ३,३०,००० आहे, त्यामुळे एकूण तोटा ६,६०,००० झाला की ते शून्यावर येतं. त्याच वेळी पुतण्याकडे १,२०,००० आणि जावयाकडे ९०,००० शिल्लक असतात. तोटा याहून वाढला तर काकांकडून घ्यायला पेढीत काही उरत नाही, तो भार या दोघांवर येतो.

म्हणून पेढीत पहिल्यांदा जे थोडे पैसे येतील ते ज्याचं भांडवल सर्वांत शेवटी संपेल त्याचे. मोठ्यात मोठा तोटा झाला तरी शिल्लक त्याचीच राहणार आहे. भांडवलाच्या प्रमाणात वाटलंत तर काकांना पहिल्याच हप्त्यात पैसे जातात, आणि पुढे तोटा मोठा निघाला तर ते परत मागावे लागतात.

अतिरिक्त भांडवल काढायचं कसं?

प्रत्येकाचं समायोजित भांडवल त्याच्या हिश्श्याने भागा. काका: ३,३०,००० भागिले ३ म्हणजे १,१०,०००. पुतण्या: ३,४०,००० भागिले २ म्हणजे १,७०,०००. जावई: २,००,००० भागिले १ म्हणजे २,००,०००. सर्वांत लहान आकडा काकांचा, तोच पाया. या १,१०,००० ला तिघांच्या हिश्श्यांनी गुणलं की प्रत्येकाचं प्रमाणशीर भांडवल मिळतं, आणि खऱ्या भांडवलातून ते वजा केलं की उरतं ते अतिरिक्त.

| | काका (३) | पुतण्या (२) | जावई (१) |
|---|---|---|---|
| समायोजित भांडवल | ३,३०,००० | ३,४०,००० | २,००,००० |
| काकांना पाया धरून प्रमाणशीर | ३,३०,००० | २,२०,००० | १,१०,००० |
| पहिलं अतिरिक्त | ० | १,२०,००० | ९०,००० |
| पुतण्याला पाया धरून प्रमाणशीर | | १,२०,००० | ६०,००० |
| अंतिम अतिरिक्त | | ० | ३०,००० |

पहिल्या फेरीनंतर काका बाजूला झाले. उरलेल्या दोघांचं आपसातलं प्रमाण २:१. त्यांच्या अतिरिक्त रकमा पुन्हा हिश्श्यांनी भागा: पुतण्याचे ६०,०००, जावयाचे ९०,०००. आता पुतण्या पाया. त्याच्या हिशेबाने जावयाचे ६०,००० प्रमाणशीर होतात आणि ३०,००० वर राहतात. भागीदार तीन असले की फेऱ्या फार तर दोन लागतात, चार असले तर तीन.

पहिल्या अतिरिक्ताचे आकडे पुन्हा एकदा बघा, १,२०,००० आणि ९०,०००. मागच्या उत्तरात ६,६०,००० तोटा झाल्यावर दोघांकडे एवढेच उरत होते. कोष्टकाची ही ओळ म्हणजे त्याच विचाराचं गणित आहे. हे एकदा दिसलं की पद्धत पाठ करावी लागत नाही.

गणित खालपर्यंत केलं, पण पैसे शेवटच्या ओळीपासून वर द्यायचे, असं का?

कारण गणित करताना आपण एकेका भागीदाराला, आधी संपणाऱ्यापासून सुरुवात करून, बाजूला करत गेलो. पैसे देताना उलट दिशेने यायचं. वाटपाचा क्रम असा होतो:

पहिले ३०,००० एकट्या जावयाला. त्यानंतरचे १,८०,००० पुतण्या आणि जावयाला २:१ मध्ये. त्यानंतरचे ६,६०,००० तिघांना ३:२:१ मध्ये.

तिन्हींची बेरीज ८,७०,००० येते का ते तपासा. आली नाही तर पुढे जाऊच नका, वरच कुठेतरी चूक आहे. मी मुलांना हा क्रम कागदाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवायला लावते. नंतर हप्ते कितीही येवोत, पुन्हा भागाकार करायचा नसतो.

जावयाचं भांडवल सगळ्यांत कमी आहे आणि त्यालाच आधी? काकांना हे सांगायचं कसं?

हा प्रश्न मला एका घरी बसून सोडवावा लागला होता, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तिथले मोठे काका म्हणाले, "पेढी मी उभी केली, माझा हिस्सा निम्मा, आणि पहिला चेक जावईबापूंना?" त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. तीस वर्षं पहाटे भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस होता तो.

मी त्यांना म्हटलं, काका, नफा होत होता तेव्हा निम्मा तुम्ही घेतलात आणि ते बरोबरच होतं. आता तोटाही निम्मा तुमचा. निम्म्या तोट्याला पुरेल इतकं भांडवल मात्र तुम्ही पेढीत ठेवलेलं नाही. जावयाचा तोटा सहावा आणि भांडवल दोन लाख. त्याने स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त पैसे पेढीत अडकवलेत, ते त्याचे त्याला आधी मोकळे करून देतोय. मान कोणाचा मोठा, हा इथे मुद्दाच नाही.

रुपयांत बघितलं तर भांडवल सर्वांत जास्त पुतण्याचं आहे, ३,४०,०००. पण पहिला तोही नाही. बघायचं ते हिश्श्यामागे भांडवल किती, आणि त्यात जावई २,००,००० वर आहे.

आता प्रत्यक्ष हप्ते दाखवा.

सुरुवातीची रोख ३०,०००. त्यातले २०,००० विक्रीच्या खर्चासाठी बाजूला ठेवले: दलाली, हमाली, वकिलाची फी. उरलेले १०,००० धनकोंना दिले. त्यांचे १,४०,००० राहिले.

पहिला हप्ता: यंत्रं २,४०,००० ला गेली. १,००,००० बँकेचे. राहिलेले १,४०,००० धनकोंना, तेही पूर्ण फिटले. भागीदारांना अजून एक रुपया नाही.

दुसरा हप्ता: ऋणकोंकडून १,२०,००० आले. आधी काकांचं कर्ज ६०,०००. उरले ६०,०००, आणि इथून चौकटीतला क्रम सुरू होतो. पहिले ३०,००० जावयाला. बाकीचे ३०,००० दुसऱ्या पायरीवर २:१ मध्ये, म्हणजे पुतण्याला २०,०००, जावयाला १०,०००. जावयाचे एकूण ४०,००० झाले.

तिसरा हप्ता: माल २,१०,००० ला विकला. दुसऱ्या पायरीचे १,८०,००० होते, त्यातले ३०,००० देऊन झाले, १,५०,००० बाकी. ते पुतण्याला १,००,००० आणि जावयाला ५०,०००. उरलेले ६०,००० तिसऱ्या पायरीवर: काका ३०,०००, पुतण्या २०,०००, जावई १०,०००.

चौथा आणि शेवटचा हप्ता: गोदाम २,४०,००० ला गेलं, राहिलेल्या उधारीतून ५४,००० आले (बाकीची बुडाली), आणि खर्च २०,००० ऐवजी १४,०००च झाला म्हणून ६,००० मोकळे झाले. एकूण ३,००,०००. ३:२:१ मध्ये १,५०,०००, १,००,००० आणि ५०,०००.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यात एकेक हप्ता दोन पायऱ्यांवर फुटला, तिकडे लक्ष द्या. "हा हप्ता जावयाचा, पुढचा दोघांचा" असं नसतं. पायरी रकमेने भरते, हप्त्याच्या क्रमांकाने नाही.

वाटप बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं?

शेवटी प्रत्येकाच्या भांडवलात किती कमी पडले ते बघा. काकांना १,८०,००० मिळाले, १,५०,००० कमी. पुतण्याला २,४०,००० मिळाले, १,००,००० कमी. जावयाला १,५०,००० मिळाले, ५०,००० कमी. कमी पडलेल्या रकमा ३:२:१ मध्ये आहेत, म्हणजे तोटा ज्या प्रमाणात वाटायचा होता त्याच प्रमाणात वाटला गेला.

दुसरा ताळा वसुली खात्याकडून. यंत्रांत १,१०,००० तोटा, मालात ९०,०००, उधारीत १,२६,०००, खर्च १४,०००, आणि गोदामावर ४०,००० नफा. निव्वळ तोटा ३,००,०००. भांडवलांत कमी पडले तेही ३,००,०००. दोन्ही वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले की मला त्या रात्री शांत झोप लागते.

मधल्या टप्प्यावरही ताळा घेता येतो. तिसऱ्या पायरीवर पोहोचल्यापासून प्रत्येकाचं शिल्लक भांडवल हिश्श्याने भागलं तर तिघांचा आकडा सारखा आला पाहिजे. तिसऱ्या हप्त्यानंतर शिल्लक ३,००,०००, २,००,००० आणि १,००,००० आहेत. भागाकार तिघांचा १,००,०००.

आणि कोणी नफ्याच्या प्रमाणातच वाटून टाकलं तर? शेवटी सगळं सारखंच होईल ना?

शेवटपर्यंत चांगले पैसे आले तर पुढच्या हप्त्यांत ओढाताण करून जमवता येतं. धोका मधेच थांबण्याचा असतो.

समजा दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यातले भागीदारांच्या वाट्याचे २,७०,००० थेट ३:२:१ मध्ये दिले. काकांना १,३५,०००, पुतण्याला ९०,०००, जावयाला ४५,०००. आणि नंतर गोदामाच्या जागेवर दुसऱ्याचाच हक्क निघाला, उधारीही बुडाली, काहीच आलं नाही. तेव्हा एकूण तोटा ६,००,००० ठरतो. त्यातला काकांचा ३,००,०००, म्हणजे त्यांना फक्त ३०,००० मिळायला हवे होते. त्यांच्या हातात १,०५,००० जास्त गेले. पुतण्याला ५०,००० आणि जावयाला ५५,००० कमी पडले.

आता काकांकडे एक लाख पाच हजार मागायला कोण जाणार? मी एका घरात हे जवळून पाहिलं आहे. पैसे मुलाच्या फ्लॅटच्या बुकिंगमध्ये गेलेले होते, परत यायचा प्रश्नच नव्हता, आणि त्या वर्षी गणपतीला दोन घरं एकमेकांकडे गेली नाहीत.

योग्य क्रमाने वाटलं असतं तर तिसऱ्या हप्त्यानंतर व्यवहार तिथेच गोठला तरी कोणी कोणाचं काही लागत नाही. ही सोय या पद्धतीत प्रत्येक हप्त्यानंतर मिळते.

कमाल तोटा पद्धत आणि ही, दोन्हींचं उत्तर एकच येतं का?

सगळे भागीदार आपापली बाजू भरून काढू शकत असतील तर शेवटची बेरीज एकच येते. मधले हप्ते मात्र थोडे वेगळे निघू शकतात, आणि याचं कारण पुस्तकात नीट सापडत नाही म्हणून ते करून दाखवते.

कमाल तोटा पद्धतीत प्रत्येक हप्त्याला समजायचं की यापुढे काहीच येणार नाही. दुसऱ्या हप्त्यातले ६०,००० घ्या. भांडवल ८,७०,०००, म्हणून समजलेला तोटा ८,१०,०००. तो काकांना ४,०५,०००, पुतण्याला २,७०,०००, जावयाला १,३५,०००. काकांचं खातं ७५,००० नी उणे झालं. हे ७५,००० बाकीच्या दोघांवर टाकायचे. नफ्याच्या प्रमाणात, २:१ मध्ये, टाकले तर पुतण्याला २०,००० आणि जावयाला ४०,०००, म्हणजे आपल्याच पद्धतीचं उत्तर.

पण बहुतेक प्रश्नपत्रिकांत इथे गार्नर विरुद्ध मरे या १९०४ च्या इंग्लिश निवाड्याचा नियम लावतात आणि उणे रक्कम भांडवलाच्या प्रमाणात, ३,४०,००० : २,००,००० मध्ये, टाकतात. मग पुतण्याला सुमारे २२,७७८ आणि जावयाला ३७,२२२ येतात. पुढच्या हप्त्यांत हा फरक भरून निघतो. तेव्हा दोन मुलांची उत्तरं मधल्या ओळीत जुळली नाहीत तर लगेच एकाला चूक ठरवू नका. प्रश्नात कोणती पद्धत सांगितली आहे ते आधी वाचा.

प्रत्यक्ष कामात मला अतिरिक्त भांडवल पद्धतच बरी वाटते. क्रम पहिल्या दिवशीच ठरतो, सगळ्यांना कागदावर दाखवता येतो, सह्या घेता येतात. कमाल तोट्यात दर हप्त्याला नवं गणित, आणि दर वेळी नवा वाद.

एखाद्या भागीदाराने रोख न घेता वस्तूच उचलली तर?

ठरलेल्या किमतीला ती वस्तू विकली गेली आणि तेवढे पैसे त्या भागीदाराला दिले, असं धरायचं. जावयाने दुसऱ्या हप्त्याच्या वेळी माल पोहोचवायची स्कूटर १५,००० ला घेतली असती, तर त्याच्या पहिल्या ३०,००० पैकी १५,००० तिथेच पोहोचले. रोख १५,०००च द्यायचे. काकांनी त्या वेळी वस्तू उचलली तर मात्र त्यांना किंमत रोखीने पेढीत भरावी लागेल, कारण भांडवलातून मिळण्याची त्यांची पाळी अजून आलेली नाही. किंमत तिघांच्या संमतीने आणि लेखी ठरवा.

एखाद्याचं खातं आधीच उणे असेल किंवा तो दिवाळखोर असेल तर?

उणे खातं पाया धरून ही पद्धत सरळ चालवू नका. त्या भागीदाराला पैसे भरता येत असतील तर आधी भरून घ्या. तो दिवाळखोर असेल तर वसूल होईल तेवढं घेऊन उरलेली उणीव बाकीच्यांवर टाका: भागीदारी पत्रात काही लिहिलेलं असेल तर त्याप्रमाणे, नाहीतर गार्नर विरुद्ध मरेच्या नियमाने भांडवलाच्या प्रमाणात. मग राहिलेल्यांची समायोजित भांडवलं घेऊन नव्याने भागाकार करा.

आमच्या भागीदारी पत्रात वेगळाच क्रम आहे. मग काय धरायचं?

पत्रातला. कलम ४८ चे नियम भागीदारांच्या कराराच्या अधीन आहेत. फक्त बाहेरच्या धनकोंना तुमच्या आपसातल्या कराराने मागे ढकलता येत नाही.

सगळं वाटून झाल्यावर एखादा जुना धनको किंवा कराची नोटीस आली तर?

तर ते देणं सगळ्या भागीदारांवर वैयक्तिकरीत्याही येतं. कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक जण इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. धनको ज्याच्याकडून वसुली सोपी त्यालाच धरेल, आणि तो बहुतेक वेळा ज्याने पैसे खर्च केलेले नाहीत असा भागीदार असतो.

म्हणून बाजूला ठेवायची रक्कम ठरवताना फक्त विक्रीचा खर्च धरू नका. वटवलेल्या हुंड्या मुदतीपर्यंत न वटण्याची शक्यता, कोर्टात असलेला दावा, वस्तू व सेवा कराची न मिटलेली मागणी, हे सगळं त्यात यायला हवं. रक्कम मोकळी झाली की ती त्या दिवशीच्या हप्त्यात मिसळते आणि त्याच पायऱ्यांनी वाटली जाते, जसे आपले ६,००० चौथ्या हप्त्यात गेले. धनकोने सूट दिली तरी तेच: वाटायला रक्कम वाढते, क्रम बदलत नाही.

पेढी नोंदणीकृत असेल तर विसर्जनाची सूचना रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात देणं कलम ७२ मध्ये सांगितलेलं आहे. ही सूचना पहिल्या हप्त्याच्या आधी द्या, म्हणजे राहिलेले धनको वेळेत पुढे येतात.

परीक्षेत काय मांडायचं?

दोन तक्ते. एक अतिरिक्त भांडवलाचा, वर दिला तसा. दुसरा रोख वाटपाचा: डावीकडे तपशील आणि रोख, मग धनको, बँक, काकांचं कर्ज, आणि तिघांचे स्तंभ. प्रत्येक हप्त्यानंतर शिल्लक येणं खाली ओढत चला. खर्चासाठी ठेवलेली रक्कम पहिल्याच ओळीत वजा झालेली दिसली पाहिजे. शेवटच्या ओळीवर प्रत्येकाच्या स्तंभाखाली "न मिळालेली शिल्लक" लिहा. तीच वसुलीवरील तोटा म्हणून त्याच्या भांडवल खात्यात जाते.

भांडवल पूर्ण फिटून वर पैसे उरले तर पुन्हा गणित करावं लागतं?

नाही. ८,७०,००० च्या वर जे येईल ते तिसऱ्या पायरीच्याच प्रमाणात, ३:२:१ मध्ये, वाटत राहायचं. तो वसुलीवरचा नफा असतो.